ह्युमिडिफायर: पांढरी धूळ, बुळबुळीत थर आणि पाण्याची निवड (इंदूर, एप्रिल ते जून)

५ एप्रिल

इंदुरात एप्रिल लागला की दुपारची हवा अगदी कोरडी होते, आणि रात्री एसी लावला की खोलीत उरलासुरला ओलावाही जातो. धाकट्याचा घोळणा आठवड्यात दोनदा फुटला. डॉक्टरांनी नाकात घालायला मिठाच्या पाण्याचे थेंब दिले आणि झोपायच्या खोलीत थोडा ओलावा ठेवा म्हणाले. म्हणून अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर आणला, २,४०० रुपयांचा, चार लिटरच्या टाकीचा. आर्द्रता मोजायचं साधं डिजिटल यंत्र आणखी ३५० रुपयांना. रात्री एसी चालू असताना खोलीत २६ टक्के आर्द्रता होती. मला ती ४५ च्या आसपास हवी आहे. ६० च्या वर जाऊ द्यायची नाही, कारण मग भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी धरते.

मी पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात पाण्याच्या तपासणीचं काम करते. त्यामुळे या नोंदींत पाण्याबद्दल जास्त असेल आणि यंत्राबद्दल कमी.

पहिल्या दिवसापासून टाकीत नळाचं पाणी. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, बाकी वेळ सोसायटीचं बोरिंग, आणि दोन्ही एकाच हौदात पडतात.

९ एप्रिल

सासूबाईंनी सकाळी हाक मारली. खोलीतल्या फळीवर काळ्या पाषाणाची विठ्ठलाची लहान मूर्ती आहे, ती पांढुरकी दिसत होती. "काल संध्याकाळीच पुसली होती गं," त्या म्हणाल्या. बोट फिरवलं तर पिठीसाखरेहून बारीक पूड बोटाला लागली. टीव्हीच्या पडद्यावर, कपाटाच्या कडेला, पंख्याच्या पात्यांवर, सगळीकडे तीच.

ही साधी धूळ नाही हे पाहायला सोपी परीक्षा केली. चिमूटभर पूड काचेच्या बशीत घेऊन त्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे दोन थेंब टाकले. बारीक बुडबुडे आले आणि पूड जवळजवळ पूर्ण विरघळली. रस्त्यावरची माती किंवा कपड्यांचं तूस असं विरघळत नाही. म्हणजे ही पाण्यातली कार्बोनेटं, मुख्यतः चुना.

कारण यंत्राच्या कामातच आहे. तळाशी साधारण रुपयाच्या नाण्याएवढी चकती असते, ती सेकंदाला सतरा लाखांच्या आसपास वेळा थरथरते आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून काही मायक्रॉनचे थेंब उडवते. इथे वाफ होत नाही, पाणीच बारीक होऊन उडतं. वाफ झाली असती तर क्षार मागे राहिले असते, जसे कूलरच्या खसात किंवा किटलीच्या तळाला राहतात. इथे थेंबासोबत क्षारही हवेत जातात. थेंब सुकला की उरतो तो क्षाराचा कण. त्यातले मोठे मूर्तीवर बसले. बारीक कण हवेतच तरंगतात, आणि मला चिंता त्यांची आहे.

११ एप्रिल

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणला, ३०० रुपये. हौदातलं मिश्र पाणी ६१०. नुसतं बोरिंग ८४०. नर्मदेचं पाणी आलं त्या सकाळी थेट नळाखाली धरलं, २२०. हे आकडे लिटरमागे मिलिग्रॅमचे आहेत. मीटर खरं तर विद्युतवाहकता मोजून अंदाज देतो, पण तुलनेसाठी तेवढं पुरतं.

आता हिशेब. आमचं यंत्र मधल्या वेगावर रात्रभरात सुमारे दोन लिटर पाणी उडवतं. बोरिंगचं पाणी असेल तर ८४० गुणिले २, म्हणजे जवळपास १.७ ग्रॅम क्षार. चहाच्या पाव चमच्याएवढं मीठ दळून एका बंद खोलीच्या हवेत उडवल्यासारखं, तेही रोज रात्री. नुसतं नर्मदेचं पाणी वापरलं तर ०.४४ ग्रॅम. ५० टीडीएसचं पाणी असेल तर ०.१ ग्रॅम.

पाणी निवडताना मला हा एकच आकडा महत्त्वाचा वाटतो. पाणी गढूळ आहे की नितळ, पिण्यालायक आहे की नाही, यावर धूळ ठरत नाही. बोरिंगचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि धूळ सगळ्यात जास्त तेच करतं.

१४ एप्रिल

घरात आणि शेजारी ज्यांनी जे सुचवलं ते मोजून पाहिलं.

पाणी उकळून घेणं. बोरिंगचं पाणी दहा मिनिटं उकळलं, रात्रभर निवळू दिलं, वरचं गाळून घेतलं. ८४० चं ६१० झालं. उकळल्यावर फक्त बायकार्बोनेटच्या रूपातला चुना खाली बसतो. क्लोराइड, सल्फेट आणि सोडियमचे क्षार तसेच राहतात, उलट पाणी आटतं तसे ते थोडे दाटच होतात. गॅस जाळून एवढंच मिळणार असेल तर उपयोग नाही.

तुरटी. तुरटी गाळ खाली बसवते, विरघळलेल्या क्षाराला ती हात लावत नाही. स्वतः विरघळून थोडा क्षार वाढवतेच. मीटरवर आकडा वर गेला.

सॉफ्टनरचं पाणी. नणंदेच्या इमारतीत सॉफ्टनर बसवला आहे, तिथून बाटलीभर आणलं. त्यांच्या बोरिंगचा आकडा आणि सॉफ्टनरनंतरचा आकडा जवळजवळ सारखाच. सॉफ्टनर चुना काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो. साबणाला फेस येतो, गीझर वाचतो, पण हवेत जाणारा क्षार कमी होत नाही. फरक एवढाच की ही धूळ ओल्या फडक्याने चटकन निघते.

यंत्रासोबत आलेली गोळ्यांची डबी. आत सिरॅमिकच्या गोळ्या आहेत. टाकीतलं आणि तळातलं पाणी वेगवेगळं मोजलं, फरक शून्य. मग पाण्यातले क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनची वेगळी डबी मागवली, ४५० रुपये. पहिल्या रात्री तळातलं पाणी ६१० वरून ९० वर आलं, दुसऱ्या रात्री ३४०, तिसऱ्या रात्री ५८०. रेझिन खरोखर काम करतं, पण एवढ्या खाऱ्या पाण्यात मूठभर रेझिन दोन रात्रींतच संपतं. नर्मदेच्या पाण्यावर ती जास्त टिकली असती. आमच्या हौदाच्या पाण्यावर परवडणारी नाही.

एसीच्या नळीतून गळणारं पाणी. मीटरवर फक्त १८, आणि फुकट. आकड्यावर भुलू नये. ते पाणी एसीच्या ओल्या, धुळीने माखलेल्या कॉइलवरून ओघळत येतं आणि तिथे जिवाणूंचे थर असतात. ते पाणी उडवून मुलाच्या नाकात घालायचं नाही.

१८ एप्रिल

दिराकडे हवेतले कण मोजायचं लेझरचं यंत्र आहे, ते दोन रात्रींसाठी आणलं. हे यंत्र ओला थेंब आणि सुका कण यांत भेद करत नाही, म्हणून ते धुक्यापासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उशाच्या उंचीवर ठेवलं आणि तुलनेसाठी डिस्टिल्ड वॉटरही वापरलं. खोली, दार आणि वेग तोच.

ह्युमिडिफायर लावण्याआधी पीएम २.५ चा आकडा ३८ होता. डिस्टिल्ड वॉटरवर दोन तासांनी ४४. हौदाच्या पाण्यावर दोन तासांनी ४०० च्या वर. डिस्टिल्डवर आकडा जवळपास हलला नाही, म्हणजे दुसऱ्या रात्रीची वाढ थेंबांची नव्हे, क्षाराची होती. त्याच रात्री हौदाचं पाणी बंद केलं.

डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन १२० रुपयांना मिळाला. रोज दोन लिटर म्हणजे रोजचे जवळपास ५० रुपये, महिन्याचे दीड हजार. इन्व्हर्टरवाल्यांकडे सुट्टं 'बॅटरीचं पाणी' स्वस्त मिळतं, पण त्या कॅनमध्ये आधी काय भरलेलं होतं ते कोणी सांगू शकत नाही आणि तिथे ॲसिडचे कॅनही शेजारीच असतात. सीलबंद, लेबल असलेलंच घ्यावं.

शेवटी घरच्या आरओवर आले. त्याचं पाणी मोजलं तर १३०. चव येण्यासाठी थोडं कच्चं पाणी मिसळणारा एक स्क्रू आरओमध्ये असतो, मेकॅनिकने तो जास्त उघडून ठेवला होता. तो थोडा आवळून घेतल्यावर ५५. पिण्याच्या पाण्याची चव किंचित फिकी झाली, कोणी तक्रार केली नाही.

२६ एप्रिल

आठवडाभर आरओचं पाणी चालू आहे. मूर्ती काळी आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी अगदी पुसट पांढरेपणा येतो, एका फडक्यात जातो. धुळीचा प्रश्न सुटला.

पण आज टाकी उचलली तेव्हा तळाच्या पन्हाळीत बोट घसरलं. पारदर्शक, बुळबुळीत थर. आधीच्या दिवसांत हा नव्हता, किंवा निदान हाताला लागत नव्हता.

हे कामावर रोज पाहते, त्यामुळे कारण शोधावं लागलं नाही. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो. हौदात आणि वरच्या टाकीत तो बराच उडून जातो, तरी थोडाबहुत उरतो. आरओमधला कार्बन तो उरलेलाही काढून टाकतो, कारण क्लोरीनने मेम्ब्रेन खराब होतं. म्हणजे धूळ थांबवायला घेतलेलं पाणी जिवाणूंना अधिक सोयीचं ठरलं. क्षार कमी म्हणजे जंतू कमी असं होत नाही. डिस्टिल्ड वॉटरही उघड्या तळात रात्रभर कोमट राहिलं की तिथेही थर धरतो, त्याला थोडा जास्त वेळ लागतो इतकंच. धुळीचं उत्तर पाण्यात आहे, थराचं उत्तर रिकामं करण्यात आणि सुकवण्यात.

आणि थर धोक्याचा आहे तोही त्याच कारणाने. चकती क्षार उडवते तसेच जिवाणू आणि त्यांचे तुकडेही उडवते. मेलेल्या जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे श्वासात गेले तरी छाती भरते, ताप येतो. यंत्र लावल्यावर काही तासांनी खोकला, कणकण, अंग दुखणं, आणि एक-दोन दिवस दुसरीकडे झोपलं की बरं वाटणं, असं वारंवार झालं तर यंत्र बंद करून डॉक्टरांना यंत्राबद्दल सांगायचं.

२७ एप्रिल

सगळं सुटं केलं. प्लग काढून, तळ टेबलावर घेऊन, पांढऱ्या कापसाच्या काडीने एकेक जागा पुसत गेले. कापूस कुठे मळतो त्यावरून जागा कळल्या.

चकतीभोवतीची पन्हाळ तर होतीच. पण सगळ्यात जाड थर पाण्याची पातळी ओळखणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या खालच्या बाजूला होता, जिथे हात जात नाही. टाकीच्या झाकणात स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो, त्याच्या रबरी वॉशरखाली गुलाबी कड होती. ओल्या जागी असा गुलाबी रंग बहुधा सेरेशिया किंवा मेथिलोबॅक्टेरियमसारख्या जिवाणूंचा असतो. आणि धुकं वर नेणाऱ्या नळीच्या आतल्या भिंतीवर, अर्ध्या उंचीपर्यंत, बोटाला ओशट लागेल असा पातळ थर. तिथे पाणी साठत नाही, नुसते थेंब आपटतात, म्हणून कोणी धुवत नाही.

३० एप्रिल

फसलेला प्रयोग. परवा पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान करून तळात अर्धा तास ठेवलं, धुतलं, पुन्हा वापरायला घेतलं. चकती चकचकीत झाली. पण आज गोळ्याखाली कापूस पुन्हा मळला.

व्हिनेगर चुना काढतं. आपल्याकडे मिळणारं साधारण चार टक्क्यांचं असतं, पातळ केल्यावर दोन. एवढ्याने काही जिवाणू मरतात, पण मुरलेला थर मरत नाही आणि सुटतही नाही. थर चिकट असतो, आतल्या जिवाणूंना तो झाकून ठेवतो. आधी घासून तोडावा लागतो, मगच औषध आत पोचतं. शिवाय तळाशी चुना असेल तर त्याच्या खड्ड्यांत थर लपतो. म्हणून क्रम ठरला: आधी घासणं, मग चुना काढणं, मग निर्जंतुक करणं, मग सुकवणं. निर्जंतुक करणं आधी केलं तर औषध वरच्यावर खर्च होतं.

३ मे

आज पूर्ण क्रमाने केलं, वेळ लावून. तास गेला, त्यातला बराचसा नुसता थांबण्याचा.

भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ टूथब्रश घेऊन पन्हाळ, गोळा, वॉशर, नळी घासली. नळीसाठी बाळाच्या बाटलीचा ब्रश. वॉशर नखाने हळूच काढून वेगळा धुतला. चकतीवर ब्रश नाही, फक्त कापसाची काडी. सुरी, चमचा, तारेची घासणी तिला अजिबात लावायची नाही, वरचा थर ओरखडला की धुकं कायमचं कमी होतं.

चुन्यासाठी व्हिनेगरऐवजी सियागंजातून आणलेलं सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबाचं फूल. पाव लिटर कोमट पाण्यात एक चमचा, तळात चकती बुडेल इतकं, वीस मिनिटं. वास नाही आणि स्वस्त. मग तीनदा धुतलं.

निर्जंतुक करायला हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बाटलीवर बहुतेक वेळा ६ टक्के किंवा '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं, त्यात तेवढंच पाणी घातलं की ३ टक्के होतं. लेबल वाचूनच पातळ करावं. तळात, झाकणात आणि वॉशरवर अर्धा तास ठेवलं, नळीत कापडाने ओलं करून घेतलं. जिथे थर राहिला होता तिथे फेस आला, त्या जागा पुन्हा घासल्या. हातमोजे घातले, कारण ६ टक्क्यांचं बोटाला लागलं की कातडी पांढरी पडून चुणचुणते. उघडलेली बाटली महिन्या-दोन महिन्यांत कमजोर होते. जुनी असेल तर आधी सोललेल्या बटाट्याच्या फोडीवर थेंब टाकून पाहावा, फेस आलाच नाही तर नवी आणावी.

तीन गोष्टी ठळक लिहून फ्रिजवर चिकटवल्या. आम्ल आणि पेरॉक्साइड एकाच भांड्यात मिसळायचं नाही, मध्ये धुवायचंच. क्लोरीनचं ब्लीच कोणी वापरलं तर ते व्हिनेगर किंवा लिंबाच्या फुलाजवळही न्यायचं नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि यातलं काहीही तळात असताना यंत्र चालू करायचं नाही.

तळ नळाखाली धरायचा नाही, कारण बाजूला पंख्याची हवेची वाट असते आणि तिच्यातून पाणी गेलं की यंत्र संपलं. पेल्याने पाणी ओतून, हवेच्या वाटेच्या विरुद्ध बाजूने उपडं करून धुवायचं. बहुतेक तळांवर पाणी कुठून ओतायचं याची खूण असते.

७ मे

वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या. म्हणाल्या, "एवढं कशाला करतेस, टाकीतच दोन थेंब जंतुनाशक टाक." त्यांना दक्षिण कोरियाची गोष्ट सांगितली. तिथे १९९४ पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात टाकायची जंतुनाशकं दुकानांत विकली जात होती. २०११ मध्ये लक्षात आलं की फुप्फुसं निकामी होऊन दगावलेल्या गर्भार बायका आणि लहान मुलांच्या आजारामागे तीच रसायनं होती. बाटलीत किंवा त्वचेवर ठीक असलेलं रसायन काही मायक्रॉनच्या थेंबात फुप्फुसाच्या तळापर्यंत जातं, तिथे त्याचा परिणाम वेगळाच असतो. म्हणून टाकीत पाण्याशिवाय काहीही नाही. निलगिरीचं तेलही नाही, कापूरही नाही. काकूंनी त्यांच्या यंत्रातलं पाणी त्याच संध्याकाळी ओतून दिलं.

१८ मे

आता घडी बसली आहे. सकाळी उठल्यावर टाकी आणि तळ दोन्ही रिकामे, उरलेलं पाणी कुंड्यांना. तळ स्वच्छ फडक्याने कोरडा पुसायचा, गोळ्याखाली कापसाची काडी फिरवायची, टाकी झाकण काढून उपडी. दिवसभर सगळं उघडं आणि कोरडं. याला पाच मिनिटं लागतात आणि खरं काम हेच करतं, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. रात्री ताजं पाणी, कालचं पाणी वर भरून घ्यायचं नाही.

दर तिसऱ्या दिवशी घासणं आणि पेरॉक्साइड. आठवड्यातून एकदा त्याआधी लिंबाचं फूल. आरओच्या पाण्यावर चुना इतका कमी बसतो की तेही पंधरा दिवसांनी चालेल असं वाटतंय, पण मुलाची खोली आहे म्हणून आठवड्यालाच ठेवलं.

एकदा दोन दिवस गावी गेलो तेव्हा सकाळच्या घाईत तळात अर्धा पेला पाणी राहून गेलं. परत आल्यावर गोळ्याखाली पुन्हा ओशट थर. उन्हाळ्यातल्या बंद घरात दोन दिवस पुरतात.

२ जून

धुकं कमी येतंय असं वाटलं. झाकण काढून पाहिलं, चकतीवर उभा राहणारा पाण्याचा छोटा उंचवटा बसका दिसत होता. पाण्याची पातळी बरोबर होती, म्हणजे चकतीवर काहीतरी आहे. लिंबाच्या फुलाचं पाणी वीस मिनिटं ठेवून कापसाने पुसलं तर फिकट पिवळट पापुद्रा निघाला. उंचवटा परत वर आला. टीडीएस मोजला तेव्हा कारण कळलं: आरओचं पाणी ५५ वरून १४० वर गेलं होतं. मेम्ब्रेन थकलं होतं, ते बदलून घेतलं, १,६०० रुपये. तेव्हापासून महिन्याला एकदा मीटर बुडवून आकडा वहीत लिहिते.

२१ जून

पावसाने जोर धरला, खोलीत आर्द्रता ६८. आता यंत्राची गरज नाही. मुलाचा घोळणा मे महिन्यात एकदाच फुटला. त्यात थेंबांचा वाटा किती आणि ओलाव्याचा किती, हे मला वेगळं सांगता येणार नाही.

ठेवण्याआधी पूर्ण क्रम एकदा केला. मग दोन दिवस सगळे भाग सुटे करून पंख्याखाली वाळवले, वॉशर झाकणातून काढून वेगळ्या कागदात ठेवला, टाकीचं झाकण लावलं नाही. खोक्यात भरताना प्लास्टिकची पिशवी वापरली नाही, पावसाळ्यात तिच्या आत ओल धरते, सुती कापडात गुंडाळलं. रेझिनची डबी टाकून दिली, ओलं रेझिन महिनोन्महिने ठेवण्यासारखं नसतं.

डिसेंबरात हीटर लागले की यंत्र पुन्हा बाहेर येईल. तेव्हा पाणी भरण्याआधी पेरॉक्साइड, धुणं, आणि पहिली दहा मिनिटं गच्चीत चालवून मगच खोलीत न्यायचं, असं खोक्यावर मार्करने लिहून ठेवलं आहे.